सेहेचाळीसचे चौसष्ट कुठं झाले?

«काका, मी वाळूजला एका पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये ऑफिस सांभाळते. कोटेशन, पीओचा फॉलोअप, क्लायंटचे मेल, सगळं माझ्याकडं. गेल्या दोन महिन्यांत तीन घोळ झाले. बुशचा रेट 46.80 ऐवजी 64.80 असा गेला. एकदा जुनंच कोटेशन जोडलं गेलं. आणि परवा तर संदीप नावाच्या दुसऱ्याच माणसाला मेल गेला. मी प्रत्येक मेल तीन-तीनदा वाचते, खरंच वाचते. तरी दिसत कसं नाही? मालक म्हणतात, चेकलिस्ट कर. केली. आठ दिवसांत टिक मारायची सवय लागली आणि बघायची सुटली. आता काय करू?
— एक वाचक, रांजणगाव शेणपुंजी»

अगं, तीनदा वाचतेस म्हणूनच दिसत नाही. स्वतः लिहिलेला मेल आपण वाचत नसतो, आठवत असतो. डोळा 64 वर पडतो, पण डोक्यात 46 पक्का बसलेला असतो आणि डोकं जिंकतं. चौथ्यांदा वाचलंस तरी तेच होणार. मी वाळूजलाच सव्वीस वर्षं डिस्पॅच आणि मार्केटिंगच्या टेबलावर काढली. तिथं एवढं कळलं की मेल वाचायचा नसतो, त्याचा ताळा करायचा असतो. म्हणजे मेलमधली वस्तू एका हाताला आणि ती जिथून आली तो कागद दुसऱ्या हाताला. तुझ्या चेकलिस्टमध्ये बहुतेक ‘रेट बरोबर आहे का?’ असं लिहिलेलं असेल. त्याला ‘हो’ म्हणायला काही बघावं लागत नाही. त्याजागी ‘रेट कशाशी ताडला?’ असं लिही आणि समोर टिक न मारता त्या कागदाचं नाव लिही: कॉस्टिंग शीट, क्लायंटचा मेल, मालकांची वही. नाव लिहायचं म्हटलं की तो कागद उघडावाच लागतो.

आधी त्या रेटचंच बघू, कारण त्यात एक गंमत आहे. तो रेट तुला तोंडी मिळाला होता ना? मालक फोनवरून म्हणाले असतील, ‘सेहेचाळीस ऐंशी टाक.’ मराठीत आकडा उलटा बोलला जातो. सेहेचाळीसमध्ये सहा आधी आणि चाळीस नंतर, पण कीबोर्डवर चार आधी दाबायचा आणि सहा नंतर. घाईत बोट कानाचं ऐकतं आणि 64 होतो. अठ्ठेचाळीसचा 84, त्रेपन्नचा 35, सगळे याच वाटेनं जातात. ‘एकोण’वाले तर त्याहून वाईट. एकोणसत्तर ऐकलं की कानात ‘सत्तर’ राहतं आणि बोट 79 दाबून मोकळं होतं. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी सुटसुटीत पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली होती. मीही हसलो होतो. पण कोटेशनच्या टेबलावर बसणाऱ्यानं हसू नये, त्याला त्या पद्धतीचाच उपयोग आहे.

तेव्हा तोंडी आलेला रेट अंक सुटे करून परत म्हणून दाखवायचा: ‘चार सहा पॉइंट आठ शून्य, बरोबर?’ मालक वैतागतील. दोन आठवडे वैतागतील, मग तेच तसं बोलायला लागतील. आणि फोन ठेवल्या ठेवल्या त्यांना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाक: ‘बुश, 46.80 प्रति नग, 2,500 नग, ओके?’ त्यांचा ‘ओके’ आला की तुझ्याकडं ताडायला कागद झाला. तोंडी गोष्टीचा ताळा कशाशी करणार?

आता मेल तयार झाल्यावरचं. समजा मेलमध्ये लिहिलंय: 2,500 नग, रेट 64.80, बेसिक रक्कम 1,17,000, जीएसटी 18 टक्के म्हणजे 21,060, एकूण 1,38,060. यातला रेट तू हातानं टाइप केलास, बाकीचं शीटमधून आलं. अशा वेळी वाचायचं नाही, कॅल्क्युलेटर घ्यायचा आणि मेलमध्ये दिसतात तेच आकडे गुणायचे. 2,500 गुणिले 64.80 म्हणजे 1,62,000. मेल म्हणतोय 1,17,000. फरक 45,000. या फरकाला 9 नं भाग जातो का बघ. जातो, 5,000. जुने मुनीम हे पाठ करून ठेवायचे: शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नवानं भाग जातो. त्यामुळं कुठली तरी जोडी उलटी पडलीय असा पहिला संशय घ्यायचा आणि जोड्या शोधायच्या. एखादं शून्य जास्त पडलं तरीही भाग जातो, कारण दहापटीतून एकपट वजा केली की नऊपटच उरते. भाग गेला नाही तर मात्र चूक वेगळी आहे, बहुतेक एखादा अंकच चुकीचा दाबला गेलाय.

पण या युक्तीवर फार विसंबू नकोस. ती फक्त मेलच्या पोटातली विसंगती पकडते. रेटही जुना आणि रक्कमही जुनी असेल तर गुणाकार चोख जुळतो आणि कोटेशन पूर्ण चुकीचं असतं. म्हणून गुणाकारानंतर एकदा रेट मालकांच्या ‘ओके’शी ताडायचाच. त्याच वेळी आकड्याच्या शेजारचा शब्द बघ: प्रति नग, प्रति शेकडा, की प्रति किलो. आणि जीएसटी वेगळा की धरून, भाडं आपलं की त्यांचं. आकडा बरोबर आणि शेजारचा शब्द चूक, अशी कोटेशनं मी आकड्याच्या चुकांइतकीच पाहिलीत. क्लायंट परदेशातला असेल तर स्वल्पविरामही बदल. 1,17,000 हे त्याला चुकल्यासारखं वाटतं, 117,000 लिही आणि पुढं चलन लिही.

जुनं कोटेशन जोडलं गेलं त्याचं कारण बहुतेक विसरणं नसावं, क्रम चुकणं असावं. होतं काय की आपण फाइल जोडतो, मग काहीतरी आठवतं, फोल्डरमधली फाइल उघडून दुरुस्त करतो, सेव्ह करतो आणि निश्चिंत होतो. पण मेलला जोडलेली असते ती जोडण्याच्या क्षणीची प्रत. फोल्डरमध्ये नंतर काय केलंस याचा तिला पत्ता नसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे एक्सेलमध्ये बदल केला, पण पीडीएफ नव्यानं काढलीच नाही. दोन्हीवर उपाय एकच. जोडलेली फाइल मेलमधूनच उघडायची. फोल्डरमधून नाही, मेलच्या खिडकीत दिसणाऱ्या त्या नावावर क्लिक करून. उघडल्यावर सगळी वाचत बसू नकोस, चार जागा बघ: वर क्लायंटचं नाव, कोटेशन नंबर आणि रिव्हिजन, तारीख, आणि शेवटच्या पानावरची एकूण रक्कम. ती रक्कम मेलमधल्या रकमेशी ताड. ड्रॉइंग आलेलं असेल तर त्याचा रिव्हिजन नंबरही. क्लायंटनं रिव्हिजन सी पाठवलंय आणि आपण बीवर रेट दिलाय, हे माल बनल्यावर कळतं तेव्हा फार महाग पडतं.

पीडीएफ उघडलीस की वर टॅबवर काय नाव येतं तेही बघ. जुन्या क्लायंटच्या फाइलवरून नवी केली की फाइलचं नाव बदलतं, पण आतल्या Title मध्ये कधीकधी जुन्या क्लायंटचं नाव तसंच राहतं आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तेच झळकतं. एक्सेलच्या File मध्ये Info खाली ते Title दिसतं, तिथं पुसून पीडीएफ परत काढायची.

आणि एक्सेल स्वतः कधीही क्लायंटला पाठवू नकोस. हे माझ्या अंगावर आलेलं आहे. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या पर्चेसवाल्यानं ‘एक्सेलमध्येच द्या, आम्हाला तुलना करायला बरं पडतं’ म्हणून मागितलं. मी कॉस्टिंगची शीट हाइड केली आणि दिली पाठवून. हाइड म्हणजे झाकलं, काढलं नव्हे. त्यानं खाली शीटच्या नावावर राइट क्लिक करून Unhide केलं असणार. दुसऱ्या दिवशी मीटिंगला तो मटेरियल किती, लेबर किती, आमचे किती सुटतात, सगळं पैशासकट बोलत होता. मालकांनी मला काही म्हटलं नाही, फक्त चहा अर्धा टाकून उठले. एक्सेल द्यावीच लागली तर कोरी नवी वर्कबुक घे आणि नुसत्या व्हॅल्यू पेस्ट कर.

फाइल मोठी असेल, फोटो-ड्रॉइंग मिळून 25 एमबीच्या वर, तर जीमेल ती जोडत नाही, ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. ती लिंक तुला उघडते कारण तू लॉगिन आहेस. इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघ, तिथं परवानगी मागितली तर क्लायंटलाही मागणार.

तारखांचं म्हणशील तर तुमचं कोटेशन एक्सेलच्या साच्यात आहे का बघ आणि तारखेच्या खान्यावर क्लिक कर. तिथं `=TODAY()` दिसलं तर ते आजच काढ. तो फॉर्म्युला रोज आजची तारीख दाखवतो. जुन्या कोटेशनची पीडीएफ परत काढायला म्हणून ऑक्टोबरमध्ये फाइल उघडशील आणि सप्टेंबरचं कोटेशन ऑक्टोबरचं होऊन जाईल. मुदतही त्या खान्यावरून काढलेली असेल तर तीही सरकली. त्या खान्यात Ctrl आणि ; एकत्र दाबलं की आजची तारीख कायमची बसते. नेमकं उलटंही होतं: मुदत हातानं टाइप केलेली असते आणि जूनमध्ये ‘31 मार्चपर्यंत वैध’ असं कोटेशन जातं.

मेलमध्ये तारीख लिहिताना वार लिही आणि महिना अक्षरांत लिही. 05/06 हे आपल्याला पाच जून, अमेरिकन माणसाला सहा मे. वार लिहिला की ताळा आपोआप होतो. ‘शुक्रवार, 10 ऑक्टोबर 2025’ लिहिलंस की कॅलेंडर उघडून बघावं लागतं आणि वार जुळला नाही तर दोन्हीपैकी एक चूक आहे. बरं, या तारखेचंच उदाहरण पुढं नेऊ. बुधवार 10 सप्टेंबर 2025 चं कोटेशन, तीस दिवसांची मुदत, म्हणजे 10 ऑक्टोबर. इथवर ठीक. डिलिव्हरी तीन आठवडे, आणि तू सोमवार 15 सप्टेंबरला पीओ येईल असं धरून ‘6 ऑक्टोबरला माल देतो’ असं लिहिलंस. बेरीज बरोबर आहे. पण मधे काय काय येतं बघ. 17 सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी सकाळ झेंडावंदनात. 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. आणि दसऱ्याला गावी गेलेला हेल्पर दुसऱ्या दिवशी परत येतो असं मी तरी कधी पाहिलं नाही. तो येईपर्यंत प्लेटिंगवाला तुमचा लॉट पुढं ढकलतो. शिवाय पीओ 15 ला नाही, 19 ला आला तर? म्हणून क्लायंटनं ठाम तारीख मागितली नसेल तर ‘पीओ आणि ॲडव्हान्स मिळाल्यापासून तीन आठवडे’ असं लिहायचं. ठाम मागितली तर कॅलेंडर समोर ठेवून सुपरवायझरला विचारून द्यायची. इथं ताडायचा कागद म्हणजे तो सुपरवायझर.

नावांना मी फार वेळ देत नाही, कारण तिथं नियम एकच: टाइप करायचंच नाही, समोरच्याच्या सहीतून कॉपी करायचं. आपल्याकडं एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं ढिगानं. Shaikh, Sheikh आणि Shaik तिघं वेगळे आणि तिघांनाही आपापलं प्रिय. Kakade लिहिणाऱ्याला Kakde चालत नाही. किरण, शीतल, सुमन या नावांपुढं सर की मॅडम हे अंदाजानं लिहू नकोस, फोन करून विचार किंवा नुसतं ‘नमस्कार किरणजी’ लिही. कंपनीचं नाव मात्र त्यांच्या पीओवरून किंवा जीएसटी प्रमाणपत्रावरून घ्यायचं, प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी यासकट, कारण पुढं इनव्हॉइस त्याच नावानं जाणार. शहराचंही तेच. काहींच्या कागदांवर अजून औरंगाबाद, उस्मानाबाद असतं, काहींनी छत्रपती संभाजीनगर, धाराशिव करून घेतलंय. त्यांच्या कागदावर जे असेल ते. जीएसटी नंबर लिहायचा असेल तर पंधरा खुणा मोज, महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन अंक 27 आणि पुढच्या दहा म्हणजे पॅन. पॅन तुझ्याकडं असेल तर तेवढा भाग त्याच्याशी जुळव.

आता संदीप. ही चूक मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते, कारण बाकीच्या चुका क्लायंटला दिसतात आणि ही त्याच्या स्पर्धकाला दिसते. दोन अक्षरं टाइप केली की मेलबॉक्स स्वतःच नाव सुचवतो आणि आपण एंटर मारतो. याला माझा उपाय असा की To चा खाना सगळ्यात शेवटी भरायचा. मेल लिही, जोड, ताड, आणि तोवर तिथं कुणीच नको. चुकून सेंड दाबलं तरी मेल जाणार नाही. उत्तर देत असशील तर तिथं पत्ते आधीच भरलेले असतात. ते कापून नोटपॅडमध्ये ठेव आणि शेवटी परत आण. भरल्यावर प्रत्येक नावावर माउस नेऊन @ च्या पुढचा भाग बघ. संदीप दोन असतील, पण @ च्या पुढची कंपनी वेगळी असणार. ज्या संदीपशी आता काम नाही त्याचं नाव आउटलुकच्या सुचवण्यांतून पुसता येतं, नावाशेजारी फुली दिसते ती दाबायची.

आणि खाली स्क्रोल कर. शेवटपर्यंत. मालकांनी तुला फॉरवर्ड केलेल्या मेलवरूनच तू क्लायंटला उत्तर देतेस का? मग खाली मालकांचं ‘याला अजून दोन टक्के सोडू, पण लगेच नको’ असं वाक्य पडलेलं असू शकतं. सीसीमध्ये कोण आहे तेही तेव्हाच बघ. क्लायंटच्या मेलला रिप्लाय ऑल करताना त्यात त्यांनी आपल्यासारखेच आणखी दोन पुरवठादार ठेवलेले असतात, आपला रेट त्यांना फुकट कळतो.

गेलेला मेल परत बोलावता येतो हा गैरसमज काढून टाक. आउटलुकचं रिकॉल आपल्याच संस्थेच्या मेलबॉक्सांत चालतं, बाहेरच्या क्लायंटकडं गेलेला मेल त्यानं येत नाही, उलट ‘परत बोलवायचा प्रयत्न केला’ असा निरोप मात्र जाऊ शकतो आणि तो आवर्जून उघडतो. जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये General खाली Undo Send 30 सेकंदांवर ठेव, मूळ सेटिंग पाच सेकंदांचं असतं. क्लासिक आउटलुकमध्ये Rules मधून पाठवलेला प्रत्येक मेल काही मिनिटं थांबवून ठेवायचा नियम करता येतो, मी दोन मिनिटांचा ठेवायचो. सेंड दाबल्याबरोबर जी चूक आठवते ना, ती पहिल्या मिनिटातच आठवते.

तरीही चुकीचा गेलाच तर आधी फोन, मग मेल. विषयात ‘सुधारित’ आणि कोटेशन नंबर. आत एका ओळीत चूक काय आणि बरोबर काय: ‘रेट 64.80 असा गेला आहे, तो 46.80 वाचावा, आधीचं कोटेशन रद्द समजावं.’ सोबत नवीन रिव्हिजनची पूर्ण पीडीएफ. ‘टायपिंग मिस्टेक झाली, क्षमस्व’ एवढंच लिहून आकडा न सांगणारे मेल मी पाहिलेत. पर्चेसवाला बिचारा दोन पीडीएफ शेजारी ठेवून फरक शोधत बसतो. संदीपच्या बाबतीत मात्र मालकांना सांगितल्याशिवाय काही करू नकोस. रेट दुसऱ्याच्या हातात गेलाय, पुढं काय करायचं हा निर्णय तुझ्या पगारातला नाही.

राहिली ती टिक मारायची सवय. प्रत्येक मेलला हे सगळं करशील तर आठ दिवसांत नाही, चार दिवसांत सुटेल. ‘माल निघाला, एलआर जोडली आहे’ अशा मेलला फक्त जोडलेली फाइल उघड आणि पत्ता बघ. ज्यात रेट, रक्कम किंवा डिलिव्हरीची तारीख आहे, त्यालाच पूर्ण ताळा. आणि लाखाच्या वरचं कोटेशन असेल तर एकटीनं करू नकोस. पूर्वी छापखान्यात मूळ प्रत एकजण मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रूफवर बोट ठेवून बघायचा. तसं स्टोअरवाल्याला दोन मिनिटं बोलव. त्याच्या हातात कॉस्टिंग शीट, तुझ्यासमोर मेल. तो वाचेल, तू बघशील, उलटं नको. त्याला आधी सांगून ठेव की सेहेचाळीस म्हणायचं नाही, चार सहा म्हणायचं.